एकावन्नाव्या कुर्त्यापाशी संपणारा हक्क

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेत आणि राज्यसभेत गेलेले सर्व सन्माननीय सदस्य

सविनय नमस्कार.

मी पुण्यात कपड्यांचे एक छोटे लेबल चालवते. मी स्वतः, एक कटिंग मास्टर, शिलाई करणाऱ्या तिघी आणि दिवाळीच्या आधी हाताशी येणारी माझी भाची, एवढाच आमचा पसारा आहे. वर्षाला दहा-बारा नवे छाप आणि तीन-चार नवे बेत, म्हणजे कपड्यांचे नवे आकार, आम्ही काढतो. दुकान भाड्याचे आहे, यंत्रे जुनी घेतलेली आहेत, आणि आमच्या मालकीचे म्हणावे असे जे काही आहे ते या छापांत आणि बेतांतच आहे. ते आमचे आहे असे मी समजत होते. कायदा तसे समजत नाही, हे मला गेल्या दोन वर्षांत कळले, आणि हा कायदा बदलणे आपल्या हाती असल्यामुळे हे पत्र आपल्याला उघडपणे लिहिते आहे.

जे घडले ते आधी सांगते. आमचा ‘सागरगोटे’ नावाचा एक छाप आहे. उडालेले पाच गोटे आणि खाली पालथा पडलेला लहान मुलीचा पंजा, असे ते चित्र. एका चित्रकर्तीकडून ते काढून घेतले, त्याचे रंग वेगळे केले आणि चार रंगांचे चार स्क्रीन बनवून घेतले. छापाची पुनरावृत्ती, जिला आम्ही रिपीट म्हणतो, दर 24 इंचांनी येते. जून 2023 मध्ये पहिले 36 कुर्ते शिवले, त्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले, पुण्यातल्या एका प्रदर्शनात ते मांडले आणि ते संपल्यावर सप्टेंबरात आणखी 40 शिवले. दिवाळीनंतर एका ग्राहक बाईंनी मला खरेदीच्या एका संकेतस्थळावरचा फोटो पाठवला आणि विचारले, “ताई, तुमचाच कुर्ता 799 ला कसा काय?” आमची किंमत 2,850 होती.

मी तो कुर्ता मागवला आणि आमच्या कुर्त्याशेजारी टेबलावर पसरला. आमचे कापड हाताने स्क्रीन मारलेले कॅम्ब्रिक, त्यांचे डिजिटल छपाईचे रेयॉन. त्यांनी चित्र थोडे लहान केले होते. पण आमच्या पहिल्या ताग्याच्या वेळी तपकिरी रंगाचा स्क्रीन केसभर सरकला होता, आणि त्यामुळे प्रत्येक गोट्याच्या डाव्या अंगाला नखाएवढी पांढरी चंद्रकोर राहिली होती. ती चूक होती. कापड वाया घालवणे परवडणारे नव्हते, म्हणून आम्ही ती तशीच चालवून घेतली होती. डिजिटल छपाईत चारही रंग एकाच वेळी पडतात, तिथे स्क्रीन सरकण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही त्या 799 च्या कुर्त्यावर प्रत्येक गोट्याच्या डाव्या अंगाला तीच चंद्रकोर होती. म्हणजे कोणीतरी आमचा कुर्ता विकत घेतला, सपाट पसरून त्याचा स्कॅन काढला आणि आमच्या चुकीसकट तो छापला. नक्कल झाली की दोघांना एकच कल्पना सुचली, हा वाद जिथे होतो तिथे अशी चूकच सर्वांत भरवशाची साक्षीदार असते. त्यानंतर मी प्रत्येक छापात एक बारीकशी खोट मुद्दाम ठेवू लागले आहे.

हा पुरावा घेऊन मी वकिलांकडे गेले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. एकूण किती कुर्ते शिवले, आणि पहिला फोटो कधी टाकला? मी 76 सांगितले आणि तारीख सांगितली. त्यांनी दोन्ही कुर्त्यांची घडी घालून मला परत दिली. पुरावा चोख होता, पण ज्याच्यासाठी पुरावा द्यायचा तो हक्कच उरला नव्हता.

हे कसे झाले ते आपल्याला समजावून सांगणे गरजेचे आहे, कारण माझ्यासारख्या बहुतेक जणींना ते नुकसान झाल्यावरच कळते.

चित्र कागदावर आहे तोपर्यंत ती कलाकृती असते आणि तिला कॉपीराइट आपोआप मिळतो. नोंदणीचीही सक्ती नाही. चित्रकाराच्या हयातीनंतर 60 वर्षांपर्यंत तो टिकतो. पण कॉपीराइट कायदा, 1957 याच्या कलम 15 मध्ये एक अट आहे. जे डिझाइन म्हणून नोंदवता आले असते पण नोंदवलेले नाही, अशा कामावरचा कॉपीराइट, ते लावलेली वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेने पन्नासहून अधिक वेळा बनवली, की संपतो. दुसऱ्या खेपेतला पंधरावा कुर्ता हा आमचा एकावन्नावा होता. तो शिवून झाला त्या दुपारी सागरगोट्यांवरचा आमचा हक्क संपला, आणि आम्ही मात्र त्या दुपारी पुढच्या ताग्याची मागणी नोंदवत होतो.

आम्ही हाताने छापतो, ते ‘औद्योगिक’ कसे, असे मीही विचारले होते. डिझाइनच्या कायद्यात औद्योगिक प्रक्रिया म्हणजे हाताने, यंत्राने किंवा रसायनाने केलेली कोणतीही, असे स्पष्ट म्हटले आहे. ठशांनी कापड छापणारा कारागीर आणि तासाला शेकडो मीटर छापणारी रोटरी, दोघांना एकच माप लागते.

मग दुसरा कायदा, डिझाइन कायदा, 2000. त्याखाली छाप आणि कपड्याचा आकार, दोन्ही नोंदवता येतात, आणि नोंदणी 10 वर्षे चालते, पुढे 5 वर्षांनी वाढवता येते. पण अट अशी की अर्जाच्या तारखेआधी ते डिझाइन जगात कुठेही प्रसिद्ध झालेले नसावे. ही अट स्वतः डिझायनरने केलेल्या प्रसिद्धीलाही लागू होते. म्हणजे मी माझ्याच कुर्त्याचा फोटो माझ्याच खात्यावर टाकला, तेव्हा ते डिझाइन माझ्यासाठीसुद्धा जुने झाले. प्रदर्शनासाठी कलम 21 मध्ये सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरती, तीही डिझाइनची नोंदणी करणाऱ्या नियंत्रकांना आधी कळवून आणि सहा महिन्यांत अर्ज करून. मंगल कार्यालयातल्या दिवाळी प्रदर्शनाला राजपत्रात जागा कोण देणार?

म्हणजे पहिल्या फोटोने एक दार बंद झाले आणि एकावन्नाव्या कुर्त्याने दुसरे. दोन्ही मी माझ्या हाताने बंद केली, आणि ती बंद होत असल्याचे मला कोणी सांगितले नाही. हीच माझी पहिली तक्रार आहे, आणि बाकीच्या तिच्यातूनच निघतात.

यात मी एकटी नाही. 2016 साली रितिका प्रायव्हेट लिमिटेड विरुद्ध बीबा अ‍ॅपॅरल्स या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. नोंदणी नसलेले आणि पन्नासपेक्षा अधिक वेळा कपड्यावर आलेले डिझाइन कॉपीराइटच्या आधाराने राखता येणार नाही. तिथे वादी एक नावाजलेली, कायद्याचा सल्ला परवडणारी संस्था होती. उलट 2008 साली त्याच न्यायालयात तहिलियानी डिझाइनच्या बाजूने मनाई हुकूम टिकला, कारण तिथे कपडे पन्नासच्या आत होते. न्यायालयांना मी दोष देत नाही. समोर जे कलम आहे ते त्यांनी वाचले. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या प्रकरणात कलाकृती आणि डिझाइन यांच्यातली सीमा तपासण्याची रीत घालून दिली, पण पन्नासचा आकडा कायद्यात आहे तो आहेच, आणि तो काढणे हे न्यायालयाचे काम नाही, आपले आहे.

या आकड्याचा विचित्रपणा एका उदाहरणात दाखवते. हेच सागरगोट्यांचे चित्र मी शुभेच्छापत्रावर छापून दहा हजार प्रती विकल्या असत्या, तर काहीही बिघडले नसते, कारण शुभेच्छापत्रे आणि दिनदर्शिका डिझाइन म्हणून नोंदवल्याच जात नाहीत आणि म्हणून हे कलम त्यांना लागत नाही. कागदावर त्या चित्राला साठ वर्षांहून अधिक आयुष्य आणि सुती कापडावर पन्नास नगांचे. ज्या ब्रिटिश कायद्यातून हा पन्नासचा आकडा आपल्याकडे आला, त्या देशाने कलाकृतींचे संरक्षण या आकड्यावरून कमी करणारी आपली तरतूद 2016 साली रद्द केली.

कायदा आज आहे तसा धरून छोट्या लेबलने काय करावे, हेही मी इथे लिहिते, कारण हे पत्र आपल्याखेरीज माझ्या धंद्यातल्या इतरांनीही वाचावे असे मला वाटते.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो क्रम. आधी अर्ज, मग फोटो. डिझाइनचा अर्ज व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून केला तर सरकारी शुल्क 1,000 रुपये आहे, आणि अर्जाचा क्रमांक पडला की छाप दाखवायला हरकत नाही, कारण नोंदणी पुढे मिळाली तरी ती अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. त्याआधी मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जुन्या ग्राहकांच्या गटातसुद्धा चित्र जाता कामा नये. छाप आणि आकार एकाच अर्जात कोंबू नयेत. छापाचा अर्ज कापड म्हणून वर्ग 05 मध्ये करावा आणि आकाराचा कपडा म्हणून वर्ग 02 मध्ये. दोन्ही एकाच चित्रात नोंदवले, तर नक्कल करणारा तोच छाप वेगळ्या बेतावर घेतो आणि आपले डिझाइन हे नव्हेच, असे म्हणायला मोकळा होतो. नोंदणी झाल्याची खूण कपड्यावर लावणेही विसरू नये. ती नसेल तर दंड किंवा भरपाई मागताना आपल्यालाच सिद्ध करत बसावे लागते की आपण ती लावण्याची पुरेशी काळजी घेतली होती, किंवा समोरच्याला नोंदणीची माहिती होती.

ज्या छापाचे थोडेच नग काढायचे आहेत, त्याला दुसरा मार्ग आहे. आम्ही आता काही छाप पन्नासवरच थांबवतो. प्रत्येक कुर्त्याच्या आतल्या पट्टीवर हाताने आकडा टाकतो, ‘50 पैकी 17’ असा, आणि वहीत तो कोणाला विकला ते लिहितो. ग्राहकांना हे आवडते, पण आम्ही ते आवडावे म्हणून करत नाही. ती वही म्हणजे आमचा कॉपीराइट जिवंत असल्याचा पुरावा आहे. मात्र चांगला चालणारा छाप पन्नासवर बंद करणे म्हणजे दुभती म्हैस गोठ्यातून सोडून देणे आहे, हेही खरे.

तिसरी गोष्ट कागदाची. बाहेरच्या चित्रकर्तीकडून चित्र घेतले आणि पैसे दिले, म्हणजे कॉपीराइट आपला झाला, असा सर्वत्र समज आहे. पगारी नोकर असेल तर तो मालकाचा होतो. स्वतंत्र काम करणारीच्या बाबतीत तो आपला होतोच असे नाही; बरेचदा तो तिचाच राहतो, जोपर्यंत ती लेखी हस्तांतर करून देत नाही. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मी सागरगोट्यांसाठी केवळ गुगल पे ची पावती जपून ठेवली होती. छपाईवाल्यांशीही असाच साधा करार हवा, की काम संपल्यावर स्क्रीन आणि रंग वेगळे केलेली फाइल परत मिळेल. छपाईच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेले, कोणाचे ते कोणालाच आठवत नाही असे स्क्रीन मी पाहिले आहेत.

आणि एक छोटी युक्ती, जी मला एका जुन्या कापड व्यापाऱ्यांनी सांगितली. लेबलचे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवावे आणि ते छापाच्या रिपीटमध्येच कुठेतरी, पानाच्या शिरेत किंवा वेलीच्या वळणात, गुंफावे. स्कॅन करून छापणारा मग नावासकट छापतो, आणि डिझाइनचा हक्क नसला तरी नावाचा असतो, जो दर 10 वर्षांनी नूतनीकरण करत कितीही काळ ठेवता येतो. चित्र बारकाईने बघणारा नक्कलकार अर्थातच नाव खोडतो. पण बारकाईने बघणारे थोडे असतात, याची साक्ष ती चंद्रकोर देते.

हे सारे छापाबद्दल झाले. बेताचे, म्हणजे कपड्याच्या आकाराचे दुखणे याहून अवघड आहे, आणि तिथे मी कायद्याकडून फार मागतही नाही.

2024 मध्ये आम्ही एक कुर्ता काढला. त्याच्या उजव्या मुंढ्यातून एकच उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, कळी निघते आणि खाली घेरापर्यंत जाते, त्यामुळे एक बाजू सरळ राहते आणि दुसरी चालताना पाण्यासारखी पडते. मांजरपाटावर पाच वेळा बेतून पाहिल्यावर ती पड आम्हाला साधली. चौथ्या खेपेपर्यंत कळी मुंढ्याला ओढत होती आणि बाही वर चढत होती. यावेळी मी शहाणी झाले होते. पुतळ्यावर चढवून समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढले, आकार आणि रचना यांचे नावीन्य मागितले, आणि कोणाला दाखवण्याआधी अर्ज केला. नोंदणी मिळाली. पुढच्या वर्षी एका मोठ्या विक्रेत्याच्या यादीत तोच कुर्ता दिसला. फरक दोनच होते. कळी मुंढ्याऐवजी त्याच्या दोन इंच खालून काढली होती, आणि बाही चुण्यांची केली होती.

वकिलांचे म्हणणे असे पडले की न्यायालय दोन्ही कपडे शेजारी ठेवून एकूण आकार डोळ्यांनी पाहील. कळी कुठून निघते यावर आमच्यासारख्यांचे सारे कसब असते, पण पाहणाऱ्याच्या डोळ्याला तो फरक किंवा ते साम्य कसे दिसेल हे सांगता येत नाही. शिवाय प्रतिवादी पहिल्याच दिवशी म्हणेल की कळीदार कुर्ते आणि अंगरखे शतकांपासून आहेत, यात नवे ते काय? यावर माझ्याकडे उत्तर होते, पण ते उत्तर कापडाच्या वजनात आणि उरेब पडण्यात होते, नोंदणीच्या चार फोटोंत नव्हते. पुतळ्यावर कपडा स्थिर असतो. आमचा कुर्ता चालताना दिसतो. बांधणीची पद्धत, म्हणजे तो कसा शिवला, हे तर डिझाइनच्या व्याख्येतूनच वगळलेले आहे. मी खटला केला नाही.

आणि खरे सांगायचे तर, आकाराच्या बाबतीत कायदा हात राखून आहे याचे मला थोडे समाधानही वाटते. अंगरख्याचे आडवे बंद, नऊवारीचा काष्टा, खणाच्या चोळीची काखेतली चौकोनी पट्टी हे कोणाच्या तरी नावावर नोंदवले गेले, तर उद्या माझ्या मास्टरना कापड बेतताना वकील शेजारी बसवावा लागेल. मोर, कोयरी, कमळ, वेल यांवरही माझा दावा नाही. सागरगोटे ही कल्पनाही माझी नव्हे. दुसऱ्या कोणी आपल्या हाताने आपले सागरगोटे काढले तर मी ते आनंदाने विकत घेईन. ठरावीक रंगसंगती, सैलसर पद्धत, ‘त्यांच्यासारखे दिसते’ ही भावना, यांना संरक्षण नाही आणि नसावे. कोल्हापुरी चपलेवरून 2025 मध्ये जो गदारोळ झाला, त्यात पुष्कळांना वाटले की भौगोलिक निर्देशनामुळे चपलेचा घाट राखला जातो. त्यातून राखले जाते ते नाव. घाट नव्हे. या मर्यादा मला मान्य आहेत. माझी तक्रार आहे ती जशीच्या तशी उचलण्याबद्दल, जिथे आमच्या छपाईची चूकसुद्धा उचलली जाते आणि तरी कायद्याला त्यात काही वावगे दिसत नाही.

दुसरी तक्रार खर्चाची आहे. दहा-बारा छाप आणि चार बेत, प्रत्येकी 1,000 रुपये धरले तर वर्षाला 14-16 हजार रुपये सरकारी शुल्क होते. वकिलांची फी वेगळी. हाच छाप चादरीवरही राखायचा तर वर्ग वेगळा, अर्ज वेगळा. यातले कोणते दोन छाप चालतील हे जूनमध्ये कोणालाच माहीत नसते. मोठी कंपनी सगळे नोंदवते. आम्ही अंदाजाने चार निवडतो आणि नेमका पाचवा उचलला जातो. कायदा 10 वर्षांचे संरक्षण देतो, पण आमचा छाप दोन हंगाम जगतो. मला दहावे वर्ष नको आहे. मला पहिले दहा महिने हवे आहेत, आणि तेच कायद्यात नाहीत.

तिसरी तक्रार दाद मागण्याबद्दल. नोंदवलेल्या डिझाइनची नक्कल झाल्यास कलम 22 खाली ठरावीक रक्कम मागता येते, ती प्रत्येक उल्लंघनासाठी जास्तीत जास्त 25,000 आणि एका डिझाइनसाठी एकूण 50,000 रुपये. त्याऐवजी मनाई आणि नुकसानभरपाईचा दावा करता येतो, पण प्रतिवादीने ‘ही नोंदणीच रद्द व्हायला हवी’ असा बचाव घेतला की दावा जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयाकडे पाठवावा लागतो. हा बचाव बहुतेक प्रत्येक जण घेतो, कारण त्याला खर्च नाही. पुण्यातल्या माणसाने शिवाजीनगरला केलेला दावा मुंबईला जातो, आणि तिथली एक तारीख म्हणजे आमच्या दुकानाचा एका आठवड्याचा गल्ला. ऑनलाइन विक्रीच्या बाबतीत आणखी एक तफावत आहे. कॉपीराइटची तक्रार आली तर साहित्य साठवणाऱ्या मध्यस्थाने 36 तासांत ते रोखावे आणि 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर पुन्हा खुले करावे, अशी रीत कॉपीराइट नियमांत आहे. डिझाइनच्या कायद्यात असे काहीच नाही. नोंदणी प्रमाणपत्र दाखवूनसुद्धा आमची तक्रार विक्रेत्याकडे ‘पाठवली आहे’ एवढेच उत्तर येते, आणि तोवर माल संपलेला असतो.

आता मागण्या. त्या चारच आहेत आणि मी त्यांचा आग्रह का धरते ते वर आलेच आहे.

पहिली, डिझायनरने स्वतः केलेल्या प्रसिद्धीला 12 महिन्यांची सवलत द्यावी. आधी बाजारात मांडावे, जे चालेल तेवढेच नोंदवावे, हे छोट्या धंद्याला परवडणारे आहे. युरोपात आणि अमेरिकेत ही मुभा आधीपासून आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये रियाध येथे झालेल्या डिझाइन कायद्याच्या करारातही ही 12 महिन्यांची तरतूद आहे, आणि त्या परिषदेच्या अंतिम दस्तऐवजावर भारतानेही सही केली आहे. त्या सहीने आपला कायदा आपोआप बदलत नाही. तो बदलावा.

दुसरी, पन्नासची अट काढून तिच्या जागी नोंदणीविना 3 वर्षांचे संरक्षण द्यावे, फक्त प्रत्यक्ष नक्कल केल्याविरुद्ध, स्वतंत्रपणे सुचलेल्या साम्याविरुद्ध नव्हे. युरोपीय संघात प्रसिद्धीच्या दिवसापासून 3 वर्षांचे असे संरक्षण आहे. पारंपरिक नमुने आणि रूढ बेत त्यातून स्पष्ट शब्दांत वगळावेत. अट काढायला वेळ लागणार असेल, तर निदान मोजायचे काय ते तरी कायद्यात लिहावे. शंभर मीटरचा छापील तागा ही एक वस्तू, की त्यावरची दीडशेहून अधिक रिपीट म्हणजे तितक्याच वस्तू? कुर्ता, ओढणी आणि पिशवी यांची बेरीज करायची की नाही? माझी वही आज सगळ्यांची बेरीज करते, कारण धोका पत्करण्याची माझी ऐपत नाही.

तिसरी, नोंदवलेल्या डिझाइनच्या तक्रारीवर ऑनलाइन विक्री तात्पुरती रोखण्याची, ठरलेल्या मुदतीची रीत कॉपीराइटच्या धर्तीवर आणावी. खोटी तक्रार करणाऱ्याला त्याच तरतुदीत दंड असावा, नाहीतर उद्या मोठे विक्रेते ती आमच्याविरुद्ध वापरतील.

चौथी, कलम 22 मधली 50,000 ची मर्यादा वाढवावी, आणि ठरावीक रकमेच्या आतले दावे, नोंदणी रद्द करण्याचा बचाव आला तरी, जिल्ह्यातल्या न्यायालयातच चालावेत.

सन्माननीय सदस्यहो, ज्या विभागाकडे हा कायदा आहे त्याच्या मंत्र्यांना आपण येत्या अधिवेशनात एक लेखी प्रश्न विचारावा, अशी माझी विनंती आहे. रियाधच्या दस्तऐवजावर सही केल्यानंतर 12 महिन्यांच्या सवलतीबद्दल सरकारचा निर्णय काय, आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम 15 मधला पन्नासचा आकडा कोणत्या कारणाने आजही ठेवला आहे? उत्तर जे येईल ते मी माझ्या दुकानात, प्रदर्शनात आणि माझ्यासारख्या इतर लेबलांच्या मालकांपर्यंत पोहोचवीन.

दोन्ही कुर्ते माझ्याकडे जपून ठेवले आहेत. आपल्यापैकी कोणाला पाहायचे असतील तर मी दिल्लीला घेऊन येईन. उजेडात शेजारी धरले की डावीकडची ती पांढरी चंद्रकोर दोन्हीवर दिसते.

आपली नम्र,
पुण्यातील एका छोट्या लेबलची मालक